फळ्यावर नाव लिहिण्याचा अधिकार



आपल्या होस्टेलवर पदांची कमतरता नाही. मेस सेक्रेटरी आहे, मजल्यामजल्याचा प्रतिनिधी आहे, सी. आर. आहे, जी. एस. आहे. निवड झाली की आठ दिवस अभिनंदन चालतं आणि मग वर्षभर कुरकुर. या कुरकुरीला पदावरच्या मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्ही बोलला असता का?"

प्रश्न वरवर रास्त वाटतो. दोन माणसांनी अगदी तीच गोष्ट केली, तर पदावर असलेल्याचा दोष जास्त का धरायचा? नीती तर सगळ्यांना सारखीच हवी. मग खुर्चीवर बसल्याबरोबर माणसाला जादा कर्तव्यं कुठून चिकटतात? मोठमोठ्या नेत्यांची उदाहरणं घेतली की आपण लगेच राजकारणावर घसरतो, म्हणून मी अगदी लहान सत्ता निवडली आहे. ती म्हणजे शाळेतला मॉनिटर.

मी मूळचा मलकापूरचा. शाहूवाडी तालुक्यातलं हे आमचं गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे आहे. तिथल्या शाळेत वर्गात साठेक मुलं, आणि मॉनिटरच्या हातात अधिकार एकच : गुरुजी ऑफिसात गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. परत परत बोलणाऱ्याच्या नावापुढे फुली मारायची. गुरुजी परत आले की फळा बघायचे आणि ज्याचं नाव असेल त्याला दोन छड्या, फुली असेल तर चार. (२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी केली. आमच्या वेळी ती नव्हती.) "गप बस की रं, नाव घालतोय बघ!" एवढं वाक्य पुरे व्हायचं.

आता एक पंधरा मिनिटांचा तास डोळ्यासमोर आणा. गुरुजी बाहेर गेलेत. परत येतात तेव्हा फळ्यावर सात नावं आहेत. तिघं खरोखर गोंधळ घालत होते. दोघांनी शेजाऱ्याकडे पट्टी मागितली होती. सहावा काहीच बोलला नव्हता, पण आदल्या दिवशी कबड्डीत त्याने मॉनिटरला पाडलं होतं. सातवा रोज बोलतो म्हणून सवयीनं लिहिला गेला. आणि ज्याचा आवाज सगळ्यात मोठा होता तो मॉनिटरच्या बाकावरचा दोस्त, त्याचं नाव फळ्यावर नाही.

मॉनिटरने चूक काय केली? "खोटं लिहिलं" असं आपण म्हणू. पण थांबा. मधल्या सुट्टीत कुठलाही मुलगा खडू घेऊन फळ्यावर कुणाचंही नाव लिहू शकतो. ते पण खोटंच असतं. मुलं हसतात, डस्टर फिरवतात, विषय संपला. अक्षरं तीच, खडू तोच, फळा तोच. फरक एवढाच की मॉनिटरने लिहिलेल्या नावाचा अर्थ "दोन छड्या" असा होतो. म्हणजे अधिकार मिळाला की माणूस बदलत नाही, त्याच्या कृतीचं वजन बदलतं. जादा कर्तव्य येतं ते या जादा वजनातून. त्याचे तीन भाग मला दिसतात आणि ते एकामागून एक पाहू.

पहिला भाग : समोरचा तपासू शकत नाही

गुरुजी "कोण बोललं?" असं परत विचारत नव्हते. साठ मुलांची साक्ष काढत बसायला वेळ कुणाला आहे? यादी खरी आहे असं धरूनच काम चालायचं. पट्टी मागणाऱ्या मुलाने "गुरुजी, मी फक्त पट्टी..." असं म्हटलं तर "उलट बोलतोस?" म्हणून तिसरी छडी मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे यादीतली चूक दुरुस्त करण्याची सोय व्यवस्थेत कुठेच नाही. चूक पकडली जाऊ शकते अशी एकच जागा आहे, ती म्हणजे मॉनिटरचं स्वतःचं डोकं आणि त्याचा खडू यांच्यामधलं अंतर.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा फॅक्टर ऑफ सेफ्टीचा प्रश्न आहे. साध्या स्टीलच्या सांगाड्याला जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत आपण साधारण १.६७ धरत आलो, पण माणसं नेणाऱ्या लिफ्टच्या दोराला दहा-बाराच्या आसपास धरतात. दोर झिजतो, झटके बसतात ही कारणं त्यात आहेतच. पण आणखी एक आहे. आत उभा असलेला माणूस दोर बघू शकत नाही आणि मधेच बाहेर उडीही मारू शकत नाही. ज्याला तपासता येत नाही आणि सुटताही येत नाही, त्याच्यासाठी आपण जास्त काळजी घेतो आणि त्याला कुणी पक्षपात म्हणत नाही.

मॉनिटरच्या बाबतीत ही जास्तीची काळजी म्हणजे काय? साध्या मुलाने "मला वाटतं तो बोलला" असं म्हटलं तर चालतं. मॉनिटरला "वाटतं" चालत नाही, त्याने पाहिलेलं असायला हवं. सातवा मुलगा सवयीनं लिहिला गेला, त्यात मॉनिटरचा द्वेष नव्हता, नुसता आळस होता. इतरांचा आळस त्यांच्यापुरता राहतो. मॉनिटरचा आळस दुसऱ्याच्या तळहातावर उमटतो.

याचीच दुसरी बाजू पावसाळ्यात दिसायची. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाऊस. डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येणारी मुलं असायची. ओढ्याला पाणी आलं की ती उतार पडेपर्यंत पलीकडेच थांबायची. मॉनिटरने वहीत "उशिरा" एवढंच लिहिलं तर ते शंभर टक्के खरं, आणि तरीही अन्याय. कारण गुरुजींना वेळ कळते, ओढा कळत नाही. ओढा मॉनिटरला माहीत असतो. ज्याच्या शब्दावर निकाल लागतो त्याने समोरच्याच्या बाजूचं जे माहीत आहे तेही सांगायला हवं. इतर मुलांवर हे बंधन नाही, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

दुसरा भाग : समोरचा 'नाही' म्हणू शकत नाही

आता फळा सोडा आणि मधल्या सुट्टीत चला. थंडीत मुलांच्या खिशात चिंचा-बोरं असायची. मॉनिटर म्हणतो, "दोन बोरं दे की." मुलगा देतो, वर हसून देतो. यात काय बिघडलं? हेच कुणाही मुलाने मागितलं असतं तर आपण त्याला मैत्री म्हणालो असतो.

पण देणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते बघा. दुसऱ्याने मागितलं तर तो "न्हाई देत जा" म्हणू शकतो. मॉनिटरला तसं म्हणताना पुढच्या तासाचा फळा डोळ्यासमोर येतो. मॉनिटरने धमकी दिलेली नाही. कदाचित त्याच्या मनातही नाही. तरी मागणीच्या मागे छडी उभीच आहे, कारण ती अधिकारासोबत आली आहे आणि सुट्टीत ती कपाटात ठेवता येत नाही. म्हणून सत्ता असलेल्या माणसाची विनंती ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचेस्तोवर हुकूम होते. आणि त्याला मिळालेल्या "हो"चा भाव कमी असतो, कारण "नाही"ची वाट बंद असताना "हो" म्हणण्यात काही निवड उरत नाही.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, आपल्या राज्याचा कायदाच असा विचार करतो. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. त्याच्या व्याख्येत मारहाण, धमकी, चिडवणं हे तर आहेच. पण त्याशिवाय एक गोष्ट आहे : एखादा विद्यार्थी एरवी आपल्या खुशीने करणार नाही अशी कृती त्याला करायला सांगणं, हेही रॅगिंगच. नुसतं सांगणं. जबरदस्ती केली हे वेगळं सिद्ध व्हायला हवं असं त्यात नाही. "सर, आम्ही हात पण लावला नाही, त्याने स्वतःच गाणं म्हटलं," ही रूममधली नेहमीची सबब इथे टिकत नाही. फर्स्ट इयरचा मुलगा रात्री अकरा वाजता सहा सीनियरांसमोर स्वतःहून गात नसतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. शिवाय दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही.

सीनियरला कुणी निवडून दिलेलं नसतं, त्याच्याकडे शिक्का नसतो. तरी नोट्स त्याच्याकडे, ओळखी त्याच्याकडे, संख्या त्याच्याकडे. तेवढी सत्ता पुरते. म्हणून "मी काही मॉनिटर नाही" असं म्हणण्याआधी माझ्यापुढे कुणाला "नाही" म्हणायला जड जातं, हे पाहावं. ज्याला जड जातं त्याच्यापुरता मी मॉनिटर आहे.

तिसरा भाग : अधिकार उसना असतो

मॉनिटरचा खडू त्याचा नव्हे. वर्गात शांतता राहावी म्हणून गुरुजींनी तो तेवढ्यापुरता दिला आहे. कबड्डीतला हिशेब चुकवण्यासाठी किंवा दोस्ताला वाचवण्यासाठी नव्हे. सहाव्या मुलावर राग असणं गैर नाही, रागवायला सगळ्यांना मोकळीक आहे. गैर आहे ते स्वतःच्या रागासाठी वर्गाचा खडू वापरणं. इथे गोष्ट एखाद्याने शेजाऱ्याची सायकल गवंड्याकडे जायला मागून घ्यावी आणि तिच्यावर यात्रेला फिरून यावं, तशी होते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आमच्याच मुलखातलं आहे. संस्थानकाळात मलकापूर हे विशाळगड जहागिरीचं ठिकाण होतं आणि ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या आधिपत्याखाली होती. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा राजर्षी शाहू छत्रपती होते. १९१९ साली त्यांनी सरकारी दवाखाने, शाळा आणि कचेऱ्यांसाठी हुकूम काढले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना तिथे इतरांसारखीच वागणूक द्यायची, शिवाशिव पाळायची नाही. दवाखान्याच्या हुकमातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा असं त्यात होतं.

या हुकमाची रचना नीट बघा. तो डॉक्टरला "तुझ्या मनातला विटाळ आधी धुऊन ये" असं म्हणत नाही. तो म्हणतो, दवाखान्याची खुर्ची रोग्यांसाठी आहे. त्या खुर्चीवर बसून तुझा विटाळ रोग्यावर लादायचा नाही. जमत नसेल तर खुर्ची सोड. घरात बसून शिवाशिव पाळणारा माणूसही चुकतोच, पण दवाखान्यात ती पाळणारा रोग्याचा उपचारच तोडतो. तिसरी वाट म्हणजे खुर्ची पण ठेवायची आणि तिचं काम मात्र आपल्या आवडीनिवडीप्रमाणे करायचं. ती वाट हुकमाने बंद केली. मॉनिटरलाही हेच लागू आहे. "माझा दोस्त आहे, त्याचं नाव मी कसं लिहू?" ही अडचण खरी आहे. तिला उत्तर दोनच : दोस्ताचं नाव लिही, नाही तर गुरुजींना सांगून खडू परत दे.

शाहू महाराजांची आणखी एक हकीकत कोल्हापुरात आजही सांगतात. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले दलित नोकर. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. पण त्यांच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक कुठून येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. एखाद्या वाटसरूने तिथे चहा घेतला असता तर तो एक कप चहा झाला असता. छत्रपतींनी घेतला तेव्हा तो जाहीरनामा झाला. म्हणजे खुर्चीमुळे चुकीचं वजन वाढतं तसं चांगल्या कृतीचंही वाढतं. म्हणूनच सत्ताधाऱ्याने "मी कुणाचं वाईट केलं नाही" एवढ्यावर थांबणं पुरत नाही. ज्याच्या एका कपाने दार उघडतं, त्याने तो कप न पिणं हीसुद्धा एक कृती ठरते.

कायदाही गप्प बसण्याला कृती मानतो. त्याच रॅगिंग कायद्यात संस्थाप्रमुखावर बंधन आहे : तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्रमुखाने यात हयगय केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं आणि शिक्षाही तीच. शेजारच्या रूममधला मुलगा गप्प बसला तर आपण त्याला भित्रा म्हणू, पण कायद्याने तो गुन्हेगार होत नाही. प्रमुख गप्प बसला तर होतो. कारण थांबवायची किल्ली त्याच्याजवळ होती.

मर्यादा कुठे?

इथे काही मित्र म्हणतील, मग मॉनिटरने काय संत व्हायचं? मुळीच नाही. जादा कर्तव्य अधिकाराच्या लांबीएवढंच असतं. वर्गातल्या यादीबद्दल त्याने चोख असावं. गृहपाठ कुणी केला नाही, घरी कोण भांडलं, याचं ओझं त्याच्यावर नाही. उलट "सगळ्यांचं भलं करतो" म्हणून तो मुलांची दप्तरं तपासू लागला तर ती दुसरी चूक. दिलेला नाही तो अधिकार भल्यासाठी घेतला तरी घेतलेलाच असतो.

दुसरा आक्षेप असा की "मी कुठे मागितलं होतं? सरांनी बळंच केलं." तेही खरं असू शकतं. पण फळ्यावर नाव असलेल्या मुलाच्या हाताला खडू आनंदाने घेतला होता की नाइलाजाने, हे कळत नाही. न मागितलेलं पद परत करण्याची मुभा नक्की आहे. मात्र ते हातात असेपर्यंत त्याचं वजन सुटत नाही.

तिसरा आक्षेप अवघड आहे. सगळा दोष मॉनिटरवर घातला की छडी हातात घेणारे गुरुजी सुटतात, आणि खाली मान घालून बसलेले साठजणही. हे बरोबर नाही. न विचारता यादी मान्य करणाऱ्या गुरुजींची सत्ता मॉनिटरपेक्षा मोठी, म्हणून त्यांचं कर्तव्यही मोठं. मारण्याआधी "काय झालं रे?" एवढा एक प्रश्न विचारणं हे त्यांचं काम होतं. वर्गातल्या मुलांवरही खरं सांगायची जबाबदारी आहे, पण ती सगळ्यात हलकी, कारण सांगण्याची किंमत त्यांनाच सगळ्यात जड पडते.

आता हे आपल्या मेसला लावून पाहू. समजा मेस सेक्रेटरीला कंत्राटदार रोज एक ताट फुकट देतो. सेक्रेटरी म्हणतो, "मी मागितलं नाही, तो प्रेमाने देतो." महिनाअखेरीस कच्च्या मालाची बिलं तपासून सही करायची ती सेक्रेटरीनेच. आधीचे तीन भाग लावा. सही खरी की खोटी हे बाकीची मुलं तपासू शकत नाहीत, वाटणीचा आकडा खोलीवर येतो आणि ती पैसे भरतात. कंत्राटदार ताट नाकारायला मोकळा नाही, कारण सही सेक्रेटरीच्या हातात आहे, म्हणून त्याच्या "प्रेमा"वर भरवसा ठेवता येत नाही. आणि सही मुलांच्या पैशांसाठी उसनी मिळाली आहे, जेवणासाठी नाही. तेच ताट कंत्राटदाराने गावाकडच्या ओळखीच्या एखाद्या मुलाला दिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

यावर उपायही मॉनिटरच्या फळ्यावरूनच सुचतो. दोस्ताचं किंवा भांडण झालेल्याचं नाव लिहायची वेळ आली तर मॉनिटरने खडू शेजारच्या मुलाच्या हातात द्यावा. यादी पुसण्याआधी ज्याचं नाव आहे त्याला बोलू द्यावं. नावापुढे काय केलं ते दोन शब्दांत लिहावं, "पट्टी मागितली" असं लिहिलं की गुरुजीच छडी खाली ठेवतील. सेक्रेटरीने ताटाचे पैसे इतरांसारखे भरावेत, बिलं नोटीस बोर्डावर लावावीत आणि सहीला आणखी एक विद्यार्थी बरोबर घ्यावा. ज्याला तपासता येत नव्हतं त्याला तपासता आलं, ज्याला "नाही" म्हणता येत नव्हतं त्याला म्हणता आलं, की पदाचं जादा वजन तेवढ्या प्रमाणात उतरतं.

तेव्हा "हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर?" या प्रश्नाचं उत्तर असं : दुसऱ्या कुणाला हेच करताच आलं नसतं. त्याने फळ्यावर नुसतं नाव लिहिलं असतं.